सजद्यात घर फिरतं तेव्हा

मुळशी धरणाच्या बाजूला, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माले नावाचं गाव आहे. तिथल्या एक खाला जुलै महिन्यात, भर पावसात, मुलाच्या हाताला धरून माझ्या पौडच्या दवाखान्यात आल्या. वय अठ्ठावन्न. गळ्यात मानेचा पट्टा. पिशवीत गोळ्यांची तीन पाकिटं आणि मानेचा एक्स-रे. खुर्चीत बसतानासुद्धा त्यांनी डोकं एकदाही खाली केलं नाही. डोक्यावर पाण्याची कळशी ठेवल्यासारखी मान ताठ होती.

"बेटा, घर फिरतं," त्या म्हणाल्या. "मार्च महिन्यात एका पहाटे फजरला उठले आणि उजव्या कुशीवर वळले, तर छत गरगर फिरलं. वाटलं, भूकंपच झाला. तेव्हापासून भिंतीला टेकून, बसूनच झोपते."

"आणि नमाज?"

त्यांचे डोळे भरून आले. "खुर्चीवर पढते. रुकूत जरा वाकलं की डोलायला होतं. सजद्याला गेले की जमीनच निसटते. चार महिने झाले, कपाळ जमिनीला लागलं नाही."

वाचक भगिनींनो, चक्करीच्या पेशंटला मी पहिला प्रश्न विचारते, तो तुम्हीही घरात विचारायला शिका. चक्कर म्हणजे नेमकं काय होतं? आपण 'चक्कर' हा एकच शब्द तीन-चार गोष्टींसाठी वापरतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, ती वेगळी. रोज्याच्या दिवसात अशक्तपणाने हातपाय गळतात, ते वेगळं. आणि घर, भिंती, छत गोल फिरताना दिसतं, ते वेगळं. खालांचं हे तिसरं होतं.

दुसरा प्रश्न, किती वेळ टिकते? खाला म्हणाल्या, "दिवसभर भीती असते." मी म्हटलं, "भीती नाही खाला, प्रत्यक्ष फिरणं किती वेळ?" त्यांनी विचार केला. "अर्धा मिनिट असेल. मग थांबतं. पण नंतर तासभर मळमळतं."

तिसरा प्रश्न, कधी येते? त्यांची उत्तरं अशी होती: उजव्या कुशीवर वळताना, मांडणीच्या वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की, वाकून चुलीत लाकूड सारताना आणि सजद्यात. चालताना किंवा स्थिर बसलं असताना कधीच नाही.

या तीन उत्तरांतच निदान जवळजवळ होऊन गेलं होतं. डोक्याची स्थिती बदलली की येणारी, मिनिटाच्या आत थांबणारी, सगळं गोल फिरवणारी चक्कर ही बहुधा कानाची असते. तिचं लांबलचक नाव बाजूला ठेवू, डॉक्टर लोक तिला बीपीपीव्ही म्हणतात. ही मानेची नस दबल्याची चक्कर नव्हे. साठीच्या आसपासच्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, झीज दिसतेच. ती दिसली म्हणून चक्कर तिचीच आहे, असं होत नाही. खालांच्या मानेचा पट्टा निष्पाप मानेला मिळालेली शिक्षा होती.

आता कानात काय घडतं ते सांगते. खालांचा मुलगा गवंडीकाम करतो. त्याला समजावताना मला सोपा मार्ग सापडला, तोच इथे वापरते.

कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, ऐकण्याच्या भागाला लागूनच तोल सांभाळणारा भाग असतो. त्यात एक छोटी पिशवी आहे. तिच्या तळाशी चिकट थरावर अगदी बारीक खडे बसलेले असतात. हे खडे खडूच्या किंवा अंड्याच्या कवचाच्या जातीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे. एकेक खडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, केसाच्या जाडीहूनही कितीतरी बारीक. पण आजूबाजूच्या द्रवापेक्षा ते जड असतात, म्हणून डोकं कलंडलं की ते ओढले जातात आणि 'खाली' कुठे आहे हे मेंदूला कळतं. जिथे आहेत तिथे ते उपयोगाचेच आहेत.

या पिशवीलाच तीन अर्धगोल नळ्या जोडलेल्या आहेत. त्या द्रवाने भरलेल्या असतात आणि डोकं कोणत्या दिशेला वळलं ते सांगणं हे त्यांचं काम. प्रत्येक नळीच्या एका टोकाला फुगीर जागा असते आणि तिथे जेलीसारखा मऊ पडदा. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, पडदा वाकतो आणि मेंदूला बातमी जाते, 'डोकं वळलं.'

वय वाढलं की, डोक्याला मार लागला की, किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिलं की यातले काही खडे थरावरून सुटतात. पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. पन्नाशीनंतरच्या बायकांत हे जास्त दिसतं. सुटलेले खडे भटकत एखाद्या नळीत शिरतात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सर्वांत खालच्या बाजूला असते. आता डोकं कलंडलं की खडे नळीतून घरंगळतात, जाताना द्रव ओढतात आणि पडदा वाकतो. डोकं तर स्थिर आहे, पण या कानाची बातमी आहे की आपण गरगर फिरतो आहोत. दुसरा कान म्हणतो, नाही. डोळे म्हणतात, नाही. या भांडणालाच आपण चक्कर म्हणतो. खडे नळीच्या सखल जागी पोचून थांबले की पडदा सरळ होतो आणि चक्करही थांबते. म्हणून ती मिनिटाच्या आत संपते.

मी त्या मुलाला विचारलं, "तुझ्याकडे लेव्हल बघायचा पाइप आहे ना?" गवंडी भिंतीची पातळी पाहायला पाणी भरलेला पारदर्शक पाइप वापरतात. त्याच्या पिशवीत त्याचा तुकडा होता. आम्ही तो गोल वळवला, पाणी भरलं, चिमूटभर वाळू टाकली आणि एका टोकाला बोळा बसवला. तो बोळा म्हणजे कानातला पडदा. त्या बाजूने वाळू बाहेर पडू शकत नाही. दुसरं टोक उघडं, तिथून ती आली. बाहेरही तिथूनच जायला हवी, म्हणजे सगळं वळण पार करून.

"आता पाइप न हलवता वाळू काढ," मी म्हटलं. तो हसला. "फिरवावा लागेल डॉक्टर. थोडं थोडं. दर खेपेला वाळू तळाला येऊ द्यायची, मग पुढे फिरवायचं."

एपली पद्धत म्हणजे नेमकं हेच. गोळ्या का लागू पडल्या नाहीत, हेही त्याला आपोआप कळलं. गोळी मळमळ कमी करते, मेंदूला थोडं सुस्त करते, पण नळीतला खडा हलवत नाही. उलट त्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर म्हाताऱ्या माणसाला झापड येते आणि पडण्याचा धोका वाढतो.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातले कानाचे डॉक्टर जॉन एपली यांनी 1980 साली ही पद्धत आपल्या सहकाऱ्यांसमोर मांडली. डोकं चार वेळा वळवून जुनाट चक्कर जाते, हे कुणाला पटेना. त्या काळी हट्टी चक्करीसाठी कानातली बारीक नस कापण्याचं ऑपरेशनही केलं जाई. एपलींचा लेख छापून यायला 1992 उजाडलं. आज जगभर या आजारावर हाच पहिल्या पसंतीच्या उपचारांपैकी एक आहे.

पण थांबा. पाइप फिरवण्याआधी वाळू कोणत्या पाइपात आहे, हे कळायला हवं. इथेच खालांच्या घरी चूक झाली होती.

मुलगा जरा ओशाळून म्हणाला, "डॉक्टर, मोबाईलवर व्हिडिओ बघून आम्ही हे केलं होतं. अम्मीला उलट्या झाल्या, फरक काही नाही."

"कोणत्या बाजूने केलं?"

"डावीकडून. अम्मीचा डावा कान वाजतो, म्हणून वाटलं तोच खराब."

कान वाजतो तो चक्करीचा कान असेलच असं नाही. चक्कर आल्यावर माणूस ज्या बाजूला झुकतो, ती बाजूही असेलच असं नाही. कोणत्या कुशीवर वळल्यावर चक्कर येते, यावरून अंदाज येतो. पण ठरवते ती तपासणी. लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या डॉक्टरांनी 1952 साली तिचं नीट वर्णन केलं, म्हणून तिला डिक्स-हॉलपाइक तपासणी म्हणतात.

खालांना मी तपासणीच्या पलंगावर लांब पाय करून बसवलं आणि आधीच सांगितलं, "चक्कर येईल. मी धरलेलं आहे. डोळे मिटायचे नाहीत, माझ्या कपाळाकडे बघा." मग त्यांचं डोकं डावीकडे अर्ध्या काटकोनात, म्हणजे 45 अंश, वळवलं आणि त्यांना झटकन पण सांभाळून मागे झोपवलं, डोकं पलंगाच्या कडेबाहेर थोडं खाली राहील असं. वाट पाहिली. काही नाही. उठवून बसवलं. मग डोकं उजवीकडे वळवून पुन्हा तसंच झोपवलं. चार-पाच सेकंद काही नाही. मग खालांनी माझा हात घट्ट पकडला. डोळे कपाळाकडे झटके देऊ लागले आणि झटक्यासरशी उजव्या, म्हणजे जमिनीकडच्या, कानाच्या बाजूला गोल फिरू लागले. वीसेक सेकंदांनी ते थांबले. मुलगा बघतच राहिला.

त्या चार-पाच सेकंदांचा उशीर म्हणजे खडे घरंगळायला सुरुवात होण्याचा वेळ. डोळ्यांच्या झटक्यांची दिशा सांगते की खडे उजव्या कानाच्या मागच्या नळीत आहेत. डोळे फक्त आडवे, कानाकडून कानाकडे हलले असते, तर खडे दुसऱ्या, आडव्या नळीत आहेत असं समजून वेगळी पद्धत वापरावी लागली असती. ते सरळ खाली, हनुवटीकडे झटके देत राहिले असते, तर मी मेंदूच्या तपासणीचा विचार केला असता. म्हणूनच पहिल्या वेळी हे जाणकाराकडून करून घ्यावं. व्हिडिओ डोळे वाचत नाही.

बाजू कळली. आता उपचार. उजव्या कानासाठी क्रम असा.

पहिली स्थिती तपासणीचीच. डोकं 45 अंश उजवीकडे, पेशंट उताणी, डोकं कडेबाहेर जरा खाली. घरच्या पलंगावर करायचं तर खांद्याखाली उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवतात, डोक्याखाली नाही. चक्कर येते आणि थांबते. थांबल्यावर आणखी अर्धा मिनिट तसंच राहायचं. एकूण साधारण एक मिनिट धरा.

दुसरी स्थिती. डोकं न उचलता, तसंच मागे झुकलेलं ठेवून, ते हळूहळू डावीकडे वळवायचं. आता डावा कान जमिनीकडे येतो. हे वळण पूर्ण काटकोनाचं, 90 अंशांचं. पुन्हा मिनिटभर थांबायचं.

तिसरी स्थिती. पेशंट डाव्या कुशीवर वळते आणि शरीरासोबत डोकंही आणखी एक काटकोन वळतं. नाक जमिनीकडे तिरकं रोखलेलं राहतं, जणू पलंगाखाली पडलेली वस्तू शोधायची आहे. इथे पुष्कळदा पुन्हा चक्कर येते. ती पहिल्यासारख्याच दिशेची असेल तर चांगली खूण, खडे योग्य बाजूला सरकत आहेत. पुन्हा मिनिटभर.

चौथी स्थिती. पाय पलंगाखाली सोडून, हनुवटी छातीकडे झुकलेली ठेवून, डाव्या कुशीवरूनच उठून बसायचं. या क्षणी खडे नळीच्या उघड्या टोकातून पिशवीत पडतात. तेव्हा एकदम झोक जाऊ शकतो, म्हणून कुणीतरी खांदे धरून असावं आणि पेशंटने दोन-चार मिनिटं तरी उभं राहू नये.

डाव्या कानाचा त्रास असेल तर हाच क्रम आरशातल्यासारखा उलटा.

बिघडतं कुठे, तेही सांगते. सगळ्यात जास्त बिघडतं घाईने. वाळू तळाला पोचण्याआधी पाइप फिरवला तर ती मध्येच राहते किंवा मागे येते. दुसरी चूक म्हणजे दुसऱ्या स्थितीत जाताना डोकं वर उचलणं. घाबरून पेशंट मान ताठ करते आणि खडे परत फिरतात. तिसरी, चक्कर आली म्हणून मध्येच उठून बसणं. मधूनच उठल्यास खडे कधी कधी आडव्या नळीतही शिरतात. तसं झालं तर दोन्ही कुशींवर वळताना जोराची चक्कर येऊ लागते. घाबरायचं कारण नाही, पण मग तीच पद्धत घरी पुन्हा पुन्हा करत बसू नये, दाखवायला यावं.

खालांवर पद्धत एकदा केली, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा तपासलं. या वेळी डोळे जरासेच हलले, पाच सेकंद. दुसऱ्यांदा केली. तिसऱ्या तपासणीत डोळे स्थिर. एकूण अर्धा तासही लागला नव्हता. मानेचा पट्टा काढला, चक्करीच्या गोळ्या बंद केल्या.

"आता दोन दिवस बसूनच झोपायचं ना?" मुलाने विचारलं. हे पूर्वी सांगितलं जायचं. नंतर पाहणीत दिसून आलं की त्याने खास फरक पडत नाही, म्हणून आता असं बंधन घालत नाहीत. मी खालांना म्हटलं, "आज रात्री आडव्या झोपा. उजव्या कुशीवर वळा. दोन-तीन दिवस चालताना गादीवर पाय ठेवल्यासारखं हलकं वाटेल, ते हळूहळू जाईल. तोवर पावसात शेताच्या बांधावर एकट्या जाऊ नका."

आता या पद्धतीच्या मर्यादा. दहापैकी सात-आठ जणांना एक-दोन वेळा केल्यावर आराम पडतो, बाकीच्यांना आठवड्याने पुन्हा करावी लागते. आराम पडला तरी खडे पुन्हा कधीतरी सुटू शकतात. पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या लोकांना हा त्रास एकदा तरी पुन्हा होतो. ते उपचाराचं अपयश नव्हे, नवे खडे सुटलेले असतात. अशा वेळी बाजू तीच असेल आणि पद्धत नीट शिकवलेली असेल, तर घरी कुणाला तरी सोबत घेऊन ती करता येते. वारंवार होत असेल तर रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. ते कमी असलेल्यांना ते दिल्यावर पुनरावृत्ती कमी झाल्याचं दिसलं आहे.

मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल, संधिवाताने मान कमजोर असेल, मानेच्या रक्तवाहिनीत अडथळा असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर डोकं कडेबाहेर सोडू नये. अशांसाठी बाजूवर झोपवून करायची दुसरी पद्धत आहे. आधी डॉक्टरांना हे सगळं सांगावं.

आणि एक यादी मात्र घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. चक्करीबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसू लागले, हातापायातली ताकद गेली, अचानक जबर डोकेदुखी झाली किंवा आधार घेऊनही उभं राहता येईना, तर खड्यांचा विचारच करायचा नाही. हा मेंदूचा झटका असू शकतो. स्थिर पडून असतानाही तासन्‌तास न थांबता फिरत राहणारी चक्कर किंवा चक्करीसोबत एकाएकी गेलेलं ऐकू येणं, हीसुद्धा खड्यांची खूण नव्हे. अशा वेळी माल्यासारख्या गावातून लगेच गाडी काढायची, मोठं हॉस्पिटल गाठायचं. डोकं वळवत बसायचं नाही.

आठवड्याने खाला पुन्हा आल्या. या वेळी मुलाचा हात धरला नव्हता. तपासणी दोन्ही बाजूंनी केली, डोळे शांत.

"आडव्या झोपता?"

"झोपते. पहिल्या रात्री भीत भीत वळले. छत जागेवर होतं."

"आणि सजदा?"

त्या हसल्या. "पहिल्या दिवशी मुलाला शेजारी उभं केलं होतं. म्हटलं, पडले तर धर. कपाळ टेकवलं, अलहम्दुलिल्लाह, जमीन हलली नाही. मग मीच उठायला उशीर केला."

जाताना मुलाने पिशवीतून तो पाइपचा तुकडा काढून दाखवला. बोळा अजून तसाच होता. गावात आणखी दोघी चक्करीने घरात बसून आहेत, त्यांना समजावायला ठेवलाय म्हणाला. मी म्हटलं, "समजाव जरूर. पण फिरवायला माझ्याकडे पाठव. आधी बाजू बघू."